दशरथ-कौसल्या खरे, माया-इंद्रवदन खोटे

‘तुम्हाला ठाऊक आहे का, या मालिकेतले नवरा-बायको खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको आहेत?’ हा मजकूर दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतो. सोबत हार घातलेल्या जोडप्याचा फोटो असतो आणि खाली पन्नास अंगठे. तो फोटो घरच्या लग्नातला आहे की सेटवरचा, एवढं विचारायलाही कोणी थांबत नाही. आपण थांबू. ही माहिती तपासणं मुळीच अवघड नाही.

रामानंद सागर यांच्या ‘रामायण’पासून सुरुवात करू. ही मालिका दूरदर्शनवर जानेवारी 1987 ते जुलै 1988 या काळात चालली आणि मार्च 2020च्या टाळेबंदीत पुन्हा दाखवली गेली. या मालिकेतले दशरथ म्हणजे बाळ धुरी आणि कौसल्या म्हणजे जयश्री गडकर. दोघं खऱ्या आयुष्यात पती-पत्नी होते का? होते. लग्न मालिकेच्या आधीचं का? आधीचं. एकाच मालिकेत, एकमेकांच्या पती-पत्नीच्याच भूमिकेत होते का? हो. म्हणजे दावा पूर्णपणे खरा.

पण दावा तिथे थांबत नाही. त्याला लगेच शेपूट फुटतं : ‘नवऱ्यामुळे तिला भूमिका मिळाली’, किंवा ‘तिच्यामुळे त्याला’. हा वेगळाच दावा आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. लग्न खरं निघालं म्हणून शेपूट खरं ठरत नाही. जयश्रीबाई 1959च्या ‘सांगत्ये ऐका’पासून मराठी पडदा गाजवत होत्या. ‘रामायण’ आलं तेव्हा त्यांची कारकीर्द तीन दशकांच्या घरात गेली होती. कोणाचीतरी पत्नी म्हणून त्यांची कौसल्या मोजणं हा त्यांच्या कामाचा अपमान आहे, आणि मला तो सहन होत नाही.

याच मालिकेतला दुसरा दावा जास्त गमतीचा आहे. ‘शत्रुघ्न आणि जनक हे खरे बापलेक.’ हे बरोबर आहे. शत्रुघ्न झालेले समीर राजडा हे जनक झालेल्या मूळराज राजडा यांचे चिरंजीव. मग पुढचा फॉरवर्ड येतो : ‘खऱ्या बापलेकांनी सासरे-जावयाची भूमिका केली.’ इथे जरा रामायण उघडावं लागतं. जनकाच्या मुली सीता आणि ऊर्मिला. मांडवी आणि श्रुतकीर्ती या जनकाचा भाऊ कुशध्वज याच्या मुली, आणि शत्रुघ्नाची पत्नी ती श्रुतकीर्ती. म्हणजे जनक हे शत्रुघ्नाचे चुलत सासरे. खऱ्या नात्यात काही खोट नाही, पडद्यावरचं नातं मात्र एक घर चुकलं. आपण अभिनेत्यांचं घराणं शोधत बसतो, आणि चूक असते कथेतल्या घराण्यात. पात्रांचं नातं तपासायचं राहून जातं, कारण ते आपल्याला पाठ आहे असं वाटतं.

आता सगळ्यांत पक्का बसलेला गैरसमज. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’मधले इंद्रवदन आणि माया. सतीश शहा आणि रत्ना पाठक शहा. दोघांचं आडनाव एक, पडद्यावरचं भांडण इतकं मुरलेलं, की हे नवरा-बायकोच असणार असं अनेक घरांनी परस्पर ठरवून टाकलं. रत्नाबाईंच्या नावातलं ‘शहा’ नसीरुद्दीन शहा यांचं आहे. त्यांचं लग्न 1982 साली झालं आणि मालिका आली 2004मध्ये. सतीश शहा यांच्या पत्नीचं नाव मधू. श्रेयनामावलीत दोन सारखी आडनावं दिसली की माणूस त्यांचं लग्न लावून मोकळा होतो. शहा, जोशी, कुलकर्णी, खान यांच्या बाबतीत तर आडनाव हा पुरावा धरूच नये.

त्याच घरातला आणखी एक दावा : ‘माया आणि हंसा सख्ख्या बहिणी.’ रत्ना पाठक शहा आणि सुप्रिया पाठक सख्ख्या बहिणी आहेतच, दीना पाठक यांच्या मुली. पण हंसा ‘खिचडी’तली आणि माया ‘साराभाई’तली. दोन्ही मालिका एकाच निर्मितीसंस्थेच्या असल्या तरी त्या वेगळ्या मालिका आहेत. बहिणी खऱ्या, पडद्यावरचं नातं शून्य.

यावरून तपासण्याची रीत आपोआप लक्षात येते. एकच वाक्य वाटलं तरी त्यात चार गोष्टी दडलेल्या असतात : माणसांचं नातं, दोघं एकाच मालिकेत असणं, पात्रांचं नातं आणि तारीख. चारही स्वतंत्रपणे पडताळायच्या. भूमिकेसाठी मूळ भाग पाहावा. जुन्या मालिकांच्या टायटलमध्ये अनेकदा नुसती नावं येतात, कोणी काय केलं ते नसतं, म्हणून टायटल आणि प्रसंग दोन्ही बघायचे. मध्येच कलाकार बदललेला असेल, तर कुठल्या भागातलं बोलतोय तेही नोंदवायचं. माणसांच्या नात्यासाठी त्यांची स्वतःची मुलाखत किंवा त्या काळच्या वर्तमानपत्रातली बातमी सगळ्यांत भरवशाची. दहा संकेतस्थळांवर तेच लिहिलंय म्हणून ते दहा पुरावे होत नाहीत. सगळीकडे नावात तीच चूक आणि तोच फोटो दिसला, तर समजावं की पुरावा एकच आहे आणि बाकी नऊ नकला.

या चारांतली तारीख सगळ्यांत जास्त घोळ घालते. ‘तुझ्यात जीव रंगला’ घ्या. राणादा आणि पाठकबाई म्हणजे हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर. मालिका ऑक्टोबर 2016मध्ये सुरू झाली आणि जानेवारी 2021मध्ये संपली. दोघांचं लग्न झालं डिसेंबर 2022मध्ये. तरीही ‘खऱ्या नवरा-बायकोने साकारलेली जोडी’ असं बिनधास्त लिहिलं जातं. चित्रीकरणाच्या सगळ्या वर्षांत ते सहकलाकार होते. पडद्यावरचं लग्न आधी, खरं नंतर. हा क्रम उलटा लिहिला की दोन कलाकारांनी मेहनतीने उभं केलेलं प्रेम घरून आणलेलं ठरतं. त्यांच्या कामाचं श्रेय असं काढून घेऊ नये. ‘मालिकेतली जोडी पुढे खऱ्या आयुष्यात विवाहबद्ध झाली’, एवढं लिहिलं तर ते खरंही आहे आणि पुरेसंही.

चालू मालिकांचं एक बरं असतं, कलाकार स्वतःच सगळं सांगतात. अडचण येते ती दूरदर्शनच्या काळाची. तेव्हाच्या कलाकारांपैकी अनेक जण आता नाहीत, आणि त्यांच्या मुलाखती छापून आल्या त्या मराठी वर्तमानपत्रांत, साप्ताहिकांत आणि दिवाळी अंकांत. त्यातलं बरंचसं अजून इंटरनेटवर आलेलं नाही, म्हणून तर तिथे अफवेचं फावतं. तुमच्या माळ्यावर ऐंशी-नव्वदच्या दशकातले अंक बांधून ठेवलेले असतील, तर ते रद्दीत घालू नका. कलाकाराची मुलाखत सापडली, तर पूर्ण पानाचा फोटो काढा. अंकाचं नाव, तारीख आणि पान क्रमांक त्यात दिसू द्या, आणि पुढच्या वेळी ‘तुम्हाला ठाऊक आहे का’ असा मजकूर आला की उत्तरादाखल तेच पान पाठवा.