दोन्ही डगरी ढासळतात तेव्हा

अफजलपूरच्या बाजारात हल्ली म्युच्युअल फंड विकणारी मुलंही फिरतात. कलबुर्गीहून सकाळच्या गाडीनं यायचं, आडत दुकानांच्या ओळीत तुरीच्या पोत्यांवरून वाट काढत जायचं आणि सावकाराच्या गादीसमोर उभं राहून मंत्र म्हणायचा: साठ टक्के शेअर, चाळीस टक्के रोखे. शेअर पडले की रोखे वर जातात, रोखे पडले की शेअर वर जातात. दोन्ही डगरींवर हात ठेवलात की बुडायचं कारण नाही.

सावकारानं हातातल्या तुरीचे दाणे तळहातावर फिरवत विचारलं, "आणि दोन्ही एकदम पडले तर, तम्मा?"

"तसं होत नाही, सावकार."

होतं की. तम्माच्या आजोबांच्या वयाच्या माणसांनी ते भोगलंय, फक्त त्यांच्याकडे रंगीत तक्ते नव्हते.

मंत्र खोटा नाही, अर्धा आहे. साधी मंदी आली की कंपन्यांचा नफा आटतो आणि शेअर घसरतात. महागाई शांत असेल तर रिझर्व्ह बँक व्याजदर उतरवते. मग जुना, जास्त व्याजाचा रोखा सगळ्यांना हवासा वाटतो आणि त्याचा भाव चढतो. म्हणजे सगळी मदार एका 'तर'वर आहे: महागाई शांत असेल तर. मंदी आणि महागाई हातात हात घालून आली, जिला अर्थशास्त्री स्टॅगफ्लेशन म्हणतात, तर व्याजदर उतरवायची सोयच राहत नाही आणि मंत्राचा दुसरा अर्धा भाग गळून पडतो.

अफजलपूरकराला हे वेगळं शिकवायला नको. पाऊस दगा देतो त्या वर्षी तुरीला भाव सोन्यासारखा असतो आणि शेतकऱ्याच्या घरात पोती चारच असतात. भाव चढलाय म्हणून त्याला श्रीमंत समजणारा माणूस शहरातला असतो. मागणी वाढून झालेली महागाई वेगळी आणि माल आटून झालेली वेगळी. पहिलीत निदान कुणाचा तरी गल्ला भरतो. दुसरीत विकणाराही रडतो, घेणाराही रडतो.

एक खबरदारी. पेट्रोल महागलं की टीव्हीवर 'स्टॅगफ्लेशन'ची आरोळी उठते; ती खरी असेलच असं नाही. २०२२ मध्ये आपल्याकडे महागाई सलग तीन तिमाह्या सहा टक्क्यांच्या वर राहिली. कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेला सरकारला कारणं देणारं पत्र लिहावं लागलं. (ते सरकारनं जनतेला दाखवलं नाही. महागाई जनतेची, पत्र सरकारचं.) पण त्या वर्षी अर्थव्यवस्था बऱ्यापैकी पळत होती. म्हणजे ताप होता, लकवा नव्हता. दोन्ही एकदम हवे असतील तर १९७२ ते १९७४ बघावं लागतं.

तेव्हा अर्थमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण, आणि अफजलपूर होतं म्हैसूर राज्याच्या गुलबर्गा जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९७३ ला राज्याचं नाव कर्नाटक झालं. बाकी काही स्वस्त झालं नाही. १९७२ चा दुष्काळ भीमेच्या दोन्ही काठांना सारखाच लागला. पेवं रिकामी झाली आणि पलीकडच्या महाराष्ट्रात लोकांनी अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्यात सरकारनं एप्रिल १९७३ मध्ये गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या ताब्यात घेतला, आणि वर्षभरात हात पोळून सोडूनही दिला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि तीन डॉलरच्या आसपासचं तेलाचं पिंप जानेवारीत साडेअकराच्या वर गेलं. मे १९७४ मध्ये रेल्वेचा देशव्यापी संप झाला. अन्न, तेल, वाहतूक: एकामागून एक तिन्ही नाड्या आवळल्या. १९७४-७५ मध्ये घाऊक महागाई सरासरी पंचवीस टक्क्यांच्या घरात होती आणि देशाचं उत्पन्न वाढलं जेमतेम सव्वा टक्का. लोकसंख्या त्याहून वेगानं वाढत होती, म्हणजे माणशी उत्पन्न उलट घटलं.

आता रोख्यांचं बघू. रोखा म्हणजे ठरलेल्या रुपयांचं वचन. सहा टक्क्यांचा, वीस वर्षांचा, शंभर रुपयांचा रोखा तुमच्याकडे आहे आणि बाजारातला व्याजदर नऊ झाला. तुमचे सहा आता कोण शंभराला घेईल? नऊ टक्के सुटावेत म्हणून घेणारा फार तर त्र्याहत्तर रुपये देईल. खुल्या बाजारात नुकसान असं डोळ्यांना दिसतं. आपल्याकडे १९७४ मध्ये ते दिसलंही नाही, कारण सरकारी रोखे बँकांना आणि आयुर्विमा महामंडळाला कायद्यानंच बाळगावे लागत. विकायला कुणी फारसं बाहेर पडतच नव्हतं. कागदावर शंभरचे शंभर शाबूत. पण शंभरावर सहा व्याज धरून वर्षअखेर हाती आले एकशे सहा, आणि शंभराचा बाजार तोवर सव्वाशेला गेलेला. एकशे सहात आता जेवढं येतं तेवढं आदल्या वर्षी पंचाऐंशीत येत होतं. पंधरा रुपये कुणी चोरले याची फिर्याद कुठल्या ठाण्यात द्यायची? विमा उतरवलेल्या मास्तरानं ती दिली नाही, कारण त्याला चोरी कळलीच नाही.

मग शेअरवाला वाचला असेल? शेअर म्हणजे खऱ्या गिरणीतला खरा हिस्सा, महागाईत गिरणीचा मालही महागणार, असं पुस्तकात असतं. एक सूतगिरणी कागदावर मांडू. शंभर रुपयांच्या विक्रीत कापूस पन्नास, मजुरी पंचवीस, वीज-कोळसा-व्याज पंधरा, नफा दहा. सगळा खर्च वीस टक्क्यांनी चढला: नव्वदचे एकशे आठ झाले. सुताचा भाव गिरणी दहा टक्केच वाढवू शकते, कारण ज्वारी घेऊन झाल्यावर गिऱ्हाइकाच्या हातात कापडाला पैसे उरत नाहीत. विक्री एकशे दहा, नफा दोन. आणि माल दहा टक्के कमी खपला तर विक्री नव्व्याण्णव. कापूस थोडा कमी लागेल, पण हजेरीवरच्या माणसांची मजुरी कमी होत नाही. नफ्याच्या जागी तोटा. त्यावर प्राप्तिकर खातं म्हणतं, तुमची यंत्रं १९६० च्या किमतीला घेतलेली, घसारा तेवढाच मिळेल. नवी यंत्रं दुप्पट झालीत हे खात्याच्या वहीत बसत नाही, म्हणून नसलेल्या नफ्यावरही कर.

एवढं झाल्यावर शेअरचा भाव दुसऱ्या बाजूनंही मार खातो. व्याजदर चढले की पुढच्या नफ्याची आजची किंमत घटते. काल नफ्याच्या दहापट मोजणारा आज सातपटीवर घासाघीस करतो. नफा आटतो आणि पटही आटते. रोख्याला मारणारा व्याजदर शेअरलाही लागतो, म्हणून दोघं एकदम पडतात. तम्माच्या तक्त्यात हा रकाना नाही.

आपल्याकडे तिसरा फटका सरकारनं दिला. जुलै १९७४ मध्ये वटहुकूम निघाला: कंपनीनं लाभांश द्यायचा तो निव्वळ नफ्याच्या एक तृतीयांश किंवा शेअरच्या दर्शनी किमतीच्या बारा टक्के, यांतला जो कमी असेल तेवढाच. शंभराच्या शेअरला वीस रुपये लाभांश म्हणून ज्यानं अडीचशे मोजले होते, त्याचे आठ टक्के एका रात्रीत पाच टक्क्यांच्या खाली आले. बाजार धाडकन कोसळला. शेजारच्याच वटहुकमानं नोकरदारांची सगळी पगारवाढ आणि वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीच्या ठेवीत टाकला. भागधारक आणि कामगार एकाच बाकावर बसल्याचं एवढं एकच उदाहरण मला ठाऊक आहे.

राहता राहिली रिझर्व्ह बँक. तिच्या हातात कळ एकच, पैशाची किंमत. व्याज चढवलं तर कर्ज महाग होतं आणि आधीच धापा टाकणारी गिरणी बंद पडते. नाही चढवलं तर महागाई पुढच्या वर्षीच्या मजुरीच्या मागणीत आणि भाड्याच्या करारात शिरते; मग पाऊस परत आला तरी ती हटत नाही. आणि कळ कितीही फिरवली तरी तिच्यातून ना ज्वारी पडते ना तेल. बँकेनं मे १९७३ मध्ये बँकदर सहावरून सात केला आणि पुढचं वर्ष चाचपडत काढलं. जुलै १९७४ मध्ये एकदम नऊ. गंमत पुढे आहे. सरकारची तिजोरी आटली की ते रिझर्व्ह बँकेला तात्पुरती ट्रेझरी बिलं देऊन नव्या नोटा उचलत असे, आणि त्या बिलांचा दर त्याच महिन्यात ४.६ टक्क्यांवर ठरला. सूतगिरणीच्या बँकेला नऊ, सरकारला साडेचार. पुढच्या दारानं पैसा आवळायचा आणि मागच्या दारानं पोती भरून द्यायची. मागचं दार बंद झालं ते १९९७ मध्ये. ४.६ चा आकडाही तोवर जागचा हलला नाही.

अमेरिकेत तिथल्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी १९८० नंतर दर वीस टक्क्यांच्या आसपास नेऊन महागाईची मान मुरगळली. त्याबदल्यात १९८२ अखेर तिथं शंभरात जवळपास अकरा माणसं बेकार होती. सोपा इलाज तिथंही कुणाला सापडला नव्हता.

आपल्याकडे १९७२ ते १९७४ मध्ये सोन्यानं मात्र भाव खाल्ला: दुपटीहून जास्त. अफजलपूरच्या बायकांनी कुठलाही तक्ता न बघता हे साधलं होतं. पण सोनं ना व्याज देतं ना लाभांश, आणि दुष्काळात सोनाराकडे जाणारा बहुतेक विकायलाच जातो, तेव्हा त्याचाही फार डंका नको.

महागाई शिगेला पोहोचली सप्टेंबर १९७४ मध्ये आणि तिथून उतरू लागली: वटहुकमांनी खिसे शिवले, बँकदरानं उधारी आवळली. पुढे १९७५ चा पावसाळा भरभरून झाला आणि १९७५-७६ मध्ये घाऊक भाव चक्क खाली आले. यशवंतराव ऑक्टोबर १९७४ मध्येच परराष्ट्र खात्यात गेले होते. कडू औषध पाजणारे ते, गुण आला तेव्हा खुर्चीत दुसरा. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि भाव उतरल्याचं सगळं श्रेय तिनं घेतलं. आमच्याकडचे काही जाणते अजूनही ते तिलाच देतात. भाव नऊ महिने आधीच वळले होते म्हणून सांगितलं तर म्हणतात, "असेल की, पण गाड्या वेळेवर येत होत्या."