बगळ्याची किंमत

डोंबिवलीच्या काकांनी सायकलचा फोटो मला ठाण्याला पाठवला, तेव्हा त्यात सायकल कमी आणि तुळशीची कुंडी जास्त होती. खाली मजकूर : 'अस्सल विलायती रॅले. किती येतील?'

जुन्या काळ्या सायकली लांबून सगळ्या सारख्याच दिसतात, भाव बारकाव्यात असतो. म्हणून मी चेनच्या बाजूने सरळ समोरून काढलेला फोटो मागवला, आणि चेनव्हील, पुढचा बिल्ला, मागचा हब यांचे जवळून काढलेले. तिरका फोटो मापाला निरुपयोगी. त्यात लांबचं चाक लहान होतं आणि फ्रेम उगाच वाढते.

सरळ फोटोत चाक पट्टीने सात सेंटिमीटर भरलं. जुन्या अठ्ठावीस-दीडच्या टायरचं चाक बाहेरून जवळजवळ २८ इंच असतं, म्हणजे एक सेंटिमीटरला चार इंच. क्रँकच्या आसापासून सीटखालच्या नळीच्या टोकापर्यंत सहा भरले. फ्रेम २४ इंची. एकच आडवी दांडी, सळीचे ब्रेक. थोडक्यात उंच माणसाची जेंट्स सायकल. काका पाच फूट तीन! पण तो प्रश्न मी विचारला नाही.

चेनव्हीलमध्ये लोखंडातच कापलेल्या तीन बगळ्यांच्या माना दिसल्या. ही रॅलेची खूण. बीएसएच्या चेनव्हीलमध्ये तीच अक्षरं असतात, रजच्या चेनव्हीलमध्ये हाताचा पंजा. चेनव्हील बदलता येतं, पण इथे बिल्ल्यावरही बगळा होता, त्यामुळे शंका कमी झाली.

विलायतीचं मात्र अडलं. पन्नासच्या दशकात सेन-रॅलेने आसनसोलला सायकली बनवायला घेतल्या, तेव्हा बगळा नॉटिंगहॅमचा की बंगालचा, हे बिल्ल्यावरच्या अक्षरांवरून ठरवायचं. ती अक्षरं दर दसऱ्याला चिंचेने घासून काकूंनी लख्ख पुसली होती. मागचा हब स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरांचा असता, तर त्यावर सालाचे आकडे सापडले असते. तेही हबचं साल, सायकलचं नव्हे. काकांचा हब साधा निघाला. फ्रेमचा नंबर हिरव्या ऑइलपेंटखाली. खिडक्या रंगवून उरलेल्या डब्याने काकांनी सायकललाही पावन केलं होतं.

संग्राहक मूळ काळा रंग, सोनेरी रेघा, पूर्ण चेनकव्हर बघतो. इथे तिन्ही नाहीत. भंगारात वीस किलो, किलोला तीस धरले तर सहाशे. चालू स्थितीतली म्हणून माझ्या मते दोन ते तीन हजार. जाहिरातींत लोक वीस हजारही मागतात, पण मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांची गाठ क्वचितच पडते.

"साडेतीन सांगा, अडीचला द्या," मी कळवलं.

काकांचा लगेच फोन. "हे सायकलचे झाले. बगळ्यांचे वेगळे ना?"