आधी उत्तर, मग प्रयोग

दादर-परळच्या कॉलेजांत साध्या लंबकाचा दोरा हलण्याआधीच जर्नलमध्ये निष्कर्ष हलू लागतो. विभागाच्या सूचनापत्रात क्रम स्वच्छ असतो: उद्देश, कृती, निरीक्षणे, गणित, चर्चा. विद्यार्थी शेवटून सुरुवात करतो. आधी ९.८, मग त्याला शोभतील अशी रीडिंग.

कृतीत आपण काय केले ते भूतकाळात लिहायचे. तिथे ‘लंबक टांगा, वेळ मोजा’ अशी आज्ञा सापडली, तर ती गाईडमधून आली, हे सरांना लगेच कळते.

निरीक्षणांत घड्याळाने दाखवले तेच. समजा, २० आंदोलनांना ४०.२ सेकंद लागले आणि दोरा हुकापर्यंत ९९ सेंटिमीटर भरला. गणितात उत्तर येते ९.६७. इथे खाडाखोड सुरू होते.

खरे तर हा आकडा चर्चेची मेजवानी आहे. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. एक सेंटिमीटरची त्रिज्या राहून गेली. ती मिळवली की ९.७७ येते, आणि मुंबईतले मूल्य सुमारे ९.७९ आहे.

पण चर्चेत काय लिहिलेले असते? ‘मानवी चूक.’ कोणत्या मानवाची, कोणती, किती, याची नोंद नाही. पानावर सही मात्र आहे.