सर्वपित्रीचं लाँच

भाचा : मावशी, नवरात्राच्या कलेक्शनचा आठवडा आखलाय. पहिल्या दिवशी नुसता पडदा. दुसऱ्या दिवशी एक गोंडा. तिसऱ्या दिवशी घेराची कड. उत्सुकता ताणत न्यायची आणि सातव्या दिवशी धाडकन घागरा!

मावशी : सातवा दिवस कोणता?

भाचा : घटस्थापनेच्या आदला.

मावशी : सर्वपित्री अमावास्या. घागरा पितरांसाठी काढतोयस का?

भाचा : आजकाल कोण पाळतं?

मावशी : नंदुरबारात आमचं गिऱ्हाईक पाळतं. पितृपक्षात रुमाल घेत नाही, बयाणा कुठला देणार? तुझ्या पोस्टला लाइक करतील ते कावळे. आणि अमावास्येच्या रात्री एखादीनं ऑर्डर दिलीच, तर दुसऱ्या दिवशी गरब्याला काय नेसेल, तुझा पडदा?

भाचा : मग कधी टाकायचं?

मावशी : गणपतीत. आरतीला बायका भेटतात, तिथंच बोलणं होतं. विसर्जनापर्यंत माप, रंग आणि निम्मे पैसे घ्यायचे. मग पंधरा दिवस दुकान ओस, मशीन मात्र चालू. शिवायला कोणाचे पितर आडवे येत नाहीत.

भाचा : पण मी पाच हजार लोकांपर्यंत पोचवतोय.

मावशी : दोन कारागीर, माणशी दिवसाला एक घागरा-चोळी. पंधरा दिवसांत तीस. ट्रायलनंतर उसवाउसवी होतेच, त्यासाठी चार सोड. चौदा जुन्या गिऱ्हाइकांचे, त्या पोस्ट न बघता येतात. उरले बारा. बाकीच्या चार हजार नऊशे अठ्ठ्याऐंशींना काय घालू, पिंड?

भाचा : तू उत्साहच घालवतेस.

मावशी : घालवत नाही, मापात बसवते. पहिल्याच दिवशी अख्खा घागरा दाखव. सोबत किंमत आणि ऑर्डरची शेवटची तारीख. फोटो सकाळी ओट्यावर काढ. ट्यूबलाइटखाली राणी रंग जांभळा दिसतो, मग ट्रायलला भांडण, ‘हा रंग नव्हताच!’ नंतर चोळी उलटी करून दाखव.

भाचा : उलटी? आतली शिलाई कोण बघतं?

मावशी : बाईच बघते. अस्तर कसं लावलंय, बाजूला दीड इंच माया सोडलीय का, पुढच्या वर्षी सैल करता येईल का. तयार घागरा सुरतेहून कोणीही आणतं, गाडी आहेच. आपल्याकडे येतात त्या मापासाठी आणि मायेसाठी. गोंडा काय दाखवतोस? आणि हे स्टेटसला रोज रात्री टाक, चोवीस तासांत उडून जातं ते.

भाचा : बरं. सातव्या दिवशी?

मावशी : ‘ऑर्डर बंद.’

भाचा : ऐन गर्दीत बंद? अगं, अजून एखाददुसरी घेतली तर काय बिघडतं?

मावशी : बारा झाल्यावर?

भाचा : हो, तेरावी.

मावशी : तेरावी घेतली की माझंच तेरावं.

भाचा : पण पोस्टर तर मी छापायला दिलं...

मावशी : तारीख कुठली टाकलीस?