दहा थाउ

माझी गिटार खरखरायला लागली तेव्हा घरच्यांना वाटलं, मी काहीतरी नवीन शिकलोय. तार छेडली की सुराच्या मागोमाग 'झर्रर्र' यायचं, पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडावा तसं. शेजारच्या काकूंनी तर कौतुकानं विचारलं, "सतार घेतलीसा काय?"

भुंगा मीच कोंडला होता. त्याआधी गिटारचं दुखणं वेगळं होतं. तारा इतक्या उंच होत्या की बाराव्या फ्रेटपाशी तार आणि लाकूड यांच्यामधनं एसटी निघून गेली असती. ही उंची म्हणजे 'ॲक्शन'. नावात ॲक्शन असली तरी मारामारी बोटांशी असते. एफ कॉर्ड धरला की तर्जनीवर जो वळ उठायचा, तो रात्री जेवताना तांबड्या रश्शात झोंबायचा. रंकाळ्याच्या कट्ट्यावर एका मित्रानं सांगितलं, "त्यात काय, ट्रस रॉड आवळ. तार खाली येतीय." मी घरी आलो, गिटारच्या गोल तोंडातून एलन की आत घातली, रॉडचं टोक सापडलं आणि घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा दिला. फरक दिसेना म्हणून अजून पाव. मग, आपलीच गिटार आहे म्हणून, अजून पाव.

तारा उंच राहिल्या त्या राहिल्याच, वर खरखर आली. म्हणजे भाडं थकलं होतंच, आता घरमालकाशी भांडणही झालं.

आता कोल्हापुरात तंतुवाद्य बिघडलं की लोक एकाच गावाचं नाव घेतात. मिरज पन्नासेक किलोमीटरवर. सतारी-तंबोऱ्यांना 2024 साली जीआय मानांकन मिळालेलं गाव, आणि तिथं सतारमेकर गल्ली नावाची गल्लीच आहे. गिटार पाठीला लावून मी गेलो. एका कारागिरांनी ती मांडीवर घेतली, तार छेडली, डोळे मिटले, पुन्हा छेडली. "जवारी वाईट नाही," म्हणाले, "पण जागा चुकलीय."

जवारी म्हणजे तंबोऱ्याची ती गुंजणारी झणझण. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद असतो. त्याला कानस लावून असा काही हलका उतार देतात की तार कंप पावताना घोडीला पुसटशी घासत राहते, आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून ते घासणं नेमक्या जागी आणतात. आयुष्यभर मेहनत करून हे लोक जी खरखर घडवतात, ती मी पाऊण फेऱ्यात फुकट मिळवली होती. फक्त घोडीवर नाही, तिसऱ्या फ्रेटवर. कारागीर म्हणाले, "आमच्या दांडीत लोखंड नसतंय. तुमचं काम लोखंडाचं. कोल्हापुरात उद्यमनगर असताना इथं कशाला आलात?"

हे मात्र मला सुचायला हवं होतं. आमच्या दाजींचा शिवाजी उद्यमनगरात लेथचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि देवीचा फोटो. दाजींना संगीतातलं काही कळत नाही, आणि त्यांच्या मते तोच त्यांचा फायदा आहे.

त्यांनी गिटार टेबलावर घेतली. मी माझं निदान सांगायला लागलो तर हात वर केला. "पाव्हणं, आधी सुरात लावा. तारंवर ताण नसंल तर माप कशाचं घ्यायचं?" मी तारा सुरात लावल्या. मग म्हणाले, "आता कुठं खरखरतंय ते दावा. सगळीकडं म्हनू नका."

एकेक फ्रेट दाबत गेलो. उघडी तार स्वच्छ. पहिल्यापासून पाचव्या फ्रेटपर्यंत भुंगा. पुढं सातव्या-आठव्यापासून पुन्हा स्वच्छ. दाजींना एवढं पुरलं. उघड्या तारेलाच खरखर असती तर दोष डोक्याकडच्या नटात. बाराव्याच्या पुढं असती तर ब्रिजवरच्या सॅडलमध्ये किंवा फ्रेटच्या तारांत. एकाच फ्रेटवर असती तर पुढचा फ्रेट उठलेला. आणि सुरुवातीच्या चार-पाच फ्रेटवर असेल तर दांडी नको तेवढी सरळ, किंवा उलटी वाकलेली.

मग त्यांनी मला डाव्या हातानं जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबायला लावली आणि उजव्या हातानं चौदाव्यावर, जिथं दांडी पोटाला मिळते तिथं. दोन्हीकडं दाबली की ताणलेली तार म्हणजे आयती पट्टी. सातव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेखाली किती फट आहे ते बघायचं. दाजींनी खिशातनं फिलर गेज काढलं, इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट मोजतात ते, आणि त्यातलं सगळ्यात पातळ पान सरकवलं. गेलंच नाही. तार फ्रेटवर झोपली होती.

"इथं दहा थाउ पायजे," दाजी म्हणाले. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दहा थाउ म्हणजे पाव मिलिमीटर.

मला पटेना. दांडी सरळ असणं चांगलं नाही का? दाजींनी शाळेच्या पोरींच्या दोरीउड्यांचं उदाहरण दिलं. दोरी फिरते तेव्हा दोन टोकांना हलत नाही, मधे पोट काढते. तारेचंही तसंच. तिच्या पोटाला जागा हवी म्हणून दांडी मधे किंचित खोलगट ठेवायची. बारा नंबरच्या सेटच्या सहा तारा मिळून सत्तर किलोच्या आसपास ओढतात. म्हणजे खासबागेतला एक मध्यम वजनाचा पैलवान रात्रंदिवस दांडीचं डोकं पुढं ओढतोय, आणि आतला रॉड त्याला मागं रेटतोय. अमेरिकेत गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅक्‌ह्यू यांनी 1923 साली या रॉडचं पेटंट मिळवलं, ते ही कुस्ती जमवायला. रॉडचं काम एवढंच: कुस्ती अशी लावायची की तारा दहा थाउनं जिंकल्या पाहिजेत. मी रॉडला खुराक घालून तारांना चीत केलं होतं. ॲक्शन कमी करणं हे रॉडचं कामच नव्हे. त्यानं तार थोडी खाली येते, पण ती अशी, की भिंतीचं घड्याळ नीट दिसावं म्हणून घर तिरकं करावं.

दाजींनी एलन की उलट्या दिशेनं फिरवली. फक्त आठवा हिस्सा. मग बिडी पेटवायला बाहेर गेले. आल्यावर, "सुरात लावा." फट बघितली, पान अजून जाईना. पुन्हा आठवा हिस्सा, पुन्हा सूर, पुन्हा चहा. लाकूड लोखंडासारखं लगेच ऐकत नाही, त्याला विचार करायला वेळ लागतो. मी जो पाऊण फेरा पाच मिनिटांत दिला होता, त्यातला अर्धा परत घ्यायला दुपार गेली. रॉड अडला तर जोर करायचा नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं, कारण मोडलेला रॉड दांडीतून काढणं म्हणजे नवी गिटार घेणं. शेवटी दहा थाउचं पान तारेला पुसटसं लागत सरकलं. मी तार छेडली. भुंगा उडून गेला होता.

पण एफ कॉर्ड तसाच. तो धरला की सूर वर चढायचा आणि इतकी वर्षं मी त्याचं खापर माझ्या कानावर फोडत आलो होतो. दाजी म्हणाले, "तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पयल्याकडं बघा." तिसऱ्यावर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर नुसती केसाएवढी फट उरली पाहिजे, वर बोटानं टिचकी मारली तर बारीक 'टिक' व्हावी एवढीच. केस साधारण दोन-तीन थाउ. दाजींनी नमुन्यासाठी माझाच उपटला, कारण त्यांच्याकडं उरलेले नाहीत. माझ्या गिटारला तिथं केसच काय, दाजींचं व्हिजिटिंग कार्ड गेलं. नटाच्या खाचा पुरत्या खोल कापलेल्याच नव्हत्या. स्वस्त गिटारी बऱ्याचदा अशाच येतात. खाच उंच असली की पहिल्या फ्रेटवर तार जास्त खाली रेटावी लागते, त्यात ती ताणली जाते आणि सूर चढतो. कान निर्दोष सुटला.

खाचा कापायच्या खास कानशी महाग असतात. दाजींनी गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या सुयांचा जुडगा काढला. त्या म्हणजे गोल, दातेरी, वेगवेगळ्या जाडीच्या इवल्या कानशीच. तारेच्या जाडीला जुळणारी सुई निवडायची, तार बाजूला सरकवायची, चार हात मारायचे, तार परत बसवायची, सूर, तिसऱ्यावर दाबून बघणं. खाच खुंट्यांकडं उतरती हवी, म्हणजे तार नटाच्या फ्रेटबोर्डाकडच्या कडेवर टेकते. उलटा उतार झाला तर तार मागं कुठंतरी टेकते आणि खाचेतच झणझणते. म्हणजे पुन्हा जवारी, पुन्हा चुकीच्या जागी.

पाच खाचा दाजींनी केल्या. सहावी, जी तारेची, मला दिली. मी चार हातांऐवजी बारा मारले. उघडी जी तार वाजवली आणि भुंगा परत आला.

दाजी ओरडले नाहीत. "सोडा आणा," म्हणाले. खायचा सोडा चिमूटभर खाचेत दाबायचा, वर फेविक्विकचा एकच थेंब. बघता बघता दगड होतो. वाफ नाकात जाते म्हणून तोंड लांब ठेवायचं. मग तो दगड पुन्हा सुईनं कापायचा. या वेळी दाजींनी. सोड्याचा डबा उघडाच राहिला म्हणून त्या संध्याकाळी ताईनं भज्यांवरून दोघांनाही ऐकवलं.

शेवटी बारावा फ्रेट. जाड तार सव्वातीन मिलिमीटर वर, एक सुताहून थोडी जास्त. हवी अडीच. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर, म्हणून तिथं पाऊण मिलिमीटर उतरवायचं तर सॅडल बुडातून दीड मिलिमीटर घासायची. पेन्सिलीनं रेघ मारून, सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून मी ती घासली. हे काम सोपं आहे, पण आधी केलं असतं तर सगळं वाया गेलं असतं, कारण दांडी वाकडी असताना घेतलेलं माप हे मापच नव्हे.

पावसाळ्यात कोल्हापूरच्या दमट हवेत गिटारचं पोट फुगतं आणि तारा पुन्हा वर चढतात. उन्हाळ्यात उतरतात. तेव्हा वर्षातनं दोनदा पहिला आणि चौदावा फ्रेट दाबून सातव्याखाली बघत जा, आणि पान तारेला पुसटसं लागत सरकत असेल तर एलन कीला हात लावू नका. फिलर गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्ड चालेल. दाजींनी स्वतःचं मायक्रोमीटरमध्ये धरून बघितलंय, बारा थाउ भरतं.

ज्यांना हवं असेल त्यांनी कळवावं. त्यांनी पाचशे छापलीत, आणि चारशे नव्व्याण्णव शिल्लक आहेत.