अंगारकी मंगळवारी, जास्वंद बुधवारी

आमच्या घरामागे अर्धा गुंठा जागा आहे. म्हणजे साधारण साडेपाचशे चौरस फूट. त्यातून विहिरीचा कठडा, कपडे वाळत घालायची तार आणि सासूबाईंनी लावलेला आंबा वजा केला की उरते ती माझी बाग. निवृत्तीनंतर मी तिच्यात बारा जास्वंदी, चार तगरी, एक बेल, एक प्राजक्त आणि कुंपणालगत दूर्वा लावल्या. फुलं इतकी यायची की आमचे देव्हाऱ्यातले देव त्यांखाली दिसेनात. तेव्हा बायकोच म्हणाली, "अहो, चार घरी फुलपुडी का घालत नाही? तेवढंच सकाळी घराबाहेर जाणं होईल." या वाक्यातला जोर कुठल्या शब्दावर होता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

चाराची अकरा घरं झाली. पुडीत एक जास्वंद, पाच-सात तगरीची फुलं, तुळस, दूर्वांची एक जुडी आणि सोमवारी बेल. सगळं केळीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळून सोपाच्या दोऱ्याने बांधायचं आणि दाराच्या कडीला अडकवायचं. पहिला आठवडा मी प्लास्टिकच्या पिशव्या वापरल्या. त्यात फुलांना घाम फुटतो आणि आठ वाजेपर्यंत तगर चहात बुडवल्यासारखी होते. दूधवाल्याला निदान पाणी घालायची सोय आहे. फुलपुडीत पाणी राहिलं की मालच कुजतो.

हिशेब महिन्याचा. त्यातून लोक सुतकाचे दिवस कापतात, गावाला गेल्याचे कापतात. एका घराने तर महिन्यात दोनदा सुतक कापलं. मी दोन्ही वेळा भेटायला गेलो. दुसऱ्या वेळी दार उघडलं ते ज्यांचं सुतक होतं त्यांनीच.

पुढे गावातल्या गणपतीच्या देवळाचा रोजचा एकवीस जास्वंदांचा हार माझ्याकडे आला. एकवीस आणि अकरा बत्तीस. बारा झाडं मिळून पस्तीसेक फुलं देत होती. उरलेली तीन फिरायला जाणाऱ्या मंडळींची. त्यातले एक गृहस्थ आमचं गिऱ्हाईकच आहेत. पुडीही घेतात आणि कुंपणावरून हातही घालतात. त्यांच्या मते पुडीतलं फूल विकतचं असल्यामुळे त्याचं पुण्य निम्मं लागतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना अंगारकी आली.

संकष्टी मंगळवारी आली की ती अंगारकी. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी येते आणि त्या दिवशी ज्यांनी वर्षभर गणपतीकडे पाहिलेलं नसतं त्यांनाही लाल फूल लागतं. देवळाने एक्कावन्नाचा हार सांगितला, घरांनी पाच-पाच फुलं. एकूण एकशे सहा. मी मान डोलावली. जास्वंदाचं फूल एका दिवसाचं असतं, सकाळी उमललेलं संध्याकाळी मिटतं, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही, हे मला ठाऊक होतं. पण रोपवाटिकेतल्या माणसाने सांगितलं होतं, "काका, छाटा. छाटली की फुटते, फुटली की फुलते." वाक्याला लय होती, म्हणून मी विश्वास ठेवला. अंगारकीला तीन आठवडे असताना बाराही झाडं सपासप छाटली.

त्याच्या वाक्यात दोन क्रियापदांच्या मध्ये किती दिवस जातात हे नव्हतं. जास्वंदाला फूल येतं ते नव्या फुटीवर. आधी डोळे फुटणार, मग फांदी लांबणार, मग तिच्या पानांच्या बेचक्यात कळी धरणार. यात दीड-दोन महिने सहज जातात, थंडीत त्याहून जास्त. तीन आठवड्यांत माझ्याकडे कोवळी, पोपटी, अत्यंत देखणी पानं होती. एकही कळी नव्हती. रोजच्या बत्तिसांचेही वांधे झाले.

सोमवारी पहाटेच्या एसटीने शहरातल्या फुलबाजारात गेलो. तिथे जास्वंद कळीतच मिळते. आदल्या संध्याकाळी तोडलेली कळी ओल्या फडक्यात ठेवली की सकाळी आपोआप उमलते. मात्र ती पुरती भरलेली हवी. मला मिळाल्या त्यातल्या निम्म्या कच्च्या निघाल्या. मंगळवारी पहाटे चारला आम्ही दोघं हार ओवायला बसलो. देठाच्या वर, हिरव्या वाटीतून सुई घालायची. सुई खालून घातली तर देठ चिरतो आणि फूल गळून पडतं. फुलाचा चिकट रस बोटांना लागतो, मग दोरा बोटांना, आणि शेवटी बायकोचा चष्मा हारात ओवला जाता जाता वाचला. उजाडलं तरी पंचवीस कळ्या मिटलेल्याच. गुरुजींनी हार हातात घेऊन वरखाली पाहिला. म्हणाले, "काका, खाली एक लिंबू बांधा, म्हणजे दुकानावर लावता येईल."

दुसऱ्या अंगारकीला मी कॅलेंडर समोर घेऊन बसलो. उलटे साठ दिवस मोजले, त्या तारखेला लाल खूण केली. या खेपेला आठच झाडं छाटली, तीही वरून एक तृतीयांश, म्हणजे उरलेल्या चारांवर रतीब कसाबसा चालावा. शेणखत घातलं. पानांखाली कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला की साबणाच्या पाण्याने धुतलं. बायको म्हणाली, "मुलांची बारावी होती तेव्हा एवढे कुठे होतात?" मी कळ्या मोजत होतो, म्हणून ऐकू आलं नाही असं दाखवलं.

कळ्या धरल्या, आणि इतक्या धरल्या की शेजारच्या आजी कुंपणाशी येऊन दृष्ट काढून गेल्या. पण शेवटच्या आठवड्यात आभाळ भरून आलं. ऊन नाही म्हटल्यावर कळ्यांनीही बेताने घेतलं.

सोमवारी संध्याकाळी टोपली घेऊन झाडाशी उभा राहिलो. उद्याची कळी ओळखायला सोपी असते. हिरव्या वाटीच्या वर बोटाच्या दोन पेरांएवढा लाल सुळका आलेला असतो, आणि दाबला तर किंचित मऊ लागतो. परवाच्या कळीत लाल रंग नुसता डोकावत असतो, आणि ती टणक असते. मी मोजलं. उद्याच्या सव्वीस. परवाच्या ब्याण्णव.

त्या ब्याण्णवांपैकी काही तोडून कोमट पाण्यात ठेवाव्यात, असं मनात आलं होतं. पण लिंबाची आठवण झाली. एकवीसचा हार देवळात दिला आणि जागा भरायला मधे दूर्वांच्या जुड्या ओवल्या. उरलेली पाच फुलं पाच घरांना गेली. बाकीच्या सहा घरांना मी तगर देऊन गणपतीला पांढरं फूलही चालतं असं सांगत फिरलो. कुणाचाही विश्वास बसला नाही. कुंपणवाले गृहस्थ मात्र त्या दिवशी फिरायलाच आले नाहीत. त्यांचा उपास होता.

बुधवारी सकाळी मागचं दार उघडलं तर सगळी बाग पेटल्यासारखी लाल. एकट्या विहिरीकडच्या झाडावर चौदा फुलं. देवळाचा एकवीसचा हार आणि अकरा घरची अकरा वजा केली तरी साठ उरली. गुरुजींना विचारलं, आज मोठा हार चढवता का? म्हणाले, "काका, कालचाच एवढा ढीग आहे की मूर्ती शोधावी लागतेय."

मग बायकोने मोठी लोखंडी कढई चढवली. खोबरेल तेल, मूठभर मेथ्या आणि ती साठ फुलं पाकळ्या सुट्या करून मंद आचेवर. पाकळ्या काळ्या पडून चुरचुरायच्या थांबल्या की त्यातलं पाणी गेलं समजायचं, नाहीतर तेल खवट होतं. गाळून सहा बाटल्या भरल्या. आठ दिवसांत सगळ्या गेल्या, आणि पैसे रोख मिळाले. तेलाला सुतक नसतं.

पहिली बाटली गुरुजींनी नेली. त्यांना चाळीस वर्षांपासून टक्कल आहे.