टीव्हीचे संस्कार

मॉनिटर निमूटपणे सांगितलेलं दाखवतो. टीव्हीवर मात्र संस्कार झालेले असतात. आलेलं चित्र थोडं ताणावं, थोडं नटवावं, मगच चारचौघांत न्यावं, असं तो मानतो. गेम खेळायला त्याला पीसी जोडला की हे संस्कार नडतात.

कडा कापण्याची खोड पिक्चर ट्यूबच्या काळातली. ट्यूबच्या कडेला चित्र वेडंवाकडं दिसे, म्हणून ते मुद्दाम मोठं करून कडा चौकटीआड लपवत. ट्यूब गेली, खोड राहिली. १९२० बाय १०८० च्या चित्राचे ५ टक्के कापले, तर वरून आणि खालून २७-२७ पिक्सेल जातात. विंडोज १० चा टास्कबार ४० पिक्सेलचा, म्हणजे तो निम्म्याहून अधिक बुडाला. शिवाय उरलेलं चित्र पडदाभर ताणल्यामुळे अक्षरं फुगतात ती वेगळीच. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमधून चित्र आक्रसून घेता येतं. कडा परत येतात, पण आधी आक्रसलेली आणि मग ताणलेली अक्षरं आणखी गबाळी होतात. खरा इलाज टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये आहे. तिथे Just Scan, Screen Fit किंवा Full Pixel असं काहीतरी असतं, ते निवडायचं.

कडा आल्या, तरी अक्षरं अंधूकच? मग निळ्यावर लाल मजकूर उघडून पाहा. पांढऱ्यावरचं काळं बरं दिसतंय आणि हे लाल मात्र फिसकटलंय, तर दोष रंगाच्या काटकसरीचा. 4:2:0 या पद्धतीत चार पिक्सेलना उजेड ज्याचा त्याचा मिळतो, रंग मात्र चार भावांत एक छत्री. सिनेमात हे खपून जातं, कारण आपला डोळा उजेडाचे बारकावे टिपतो तसे रंगाचे टिपत नाही. पण अक्षराची दांडी एखाद्या पिक्सेलचीच असते. तिचा रंग शेजारच्यांत मिसळला की झालं.

म्हणून ड्रायव्हरमध्ये RGB किंवा 4:4:4 निवडायचं. तेवढ्याने भागतंच असं नाही. काही टीव्ही पूर्ण रंग घेतात आणि आत जाऊन पुन्हा काटकसर करतात. अशा वेळी त्या एचडीएमआय इनपुटचं नाव किंवा चिन्ह बदलून PC करायचं. हा सिनेमा नाही, एवढं त्याला कळलं की बरीचशी नटवानटवी तो आपणहून थांबवतो. अक्षरांभोवती पांढरी झालर उरलीच, तर शार्पनेस कमी करायचा.

एक अडचण तरीही राहते. एचडीएमआय २.० च्या वाटेने फोर-के, ६० हर्ट्‌झ आणि 4:4:4 हे तिन्ही जातात, पण ८ बिटमध्येच. १० बिटचा एचडीआर हवा, तर रंगात पुन्हा कपात करून 4:2:2 वर यावं लागतं. तेव्हा वाचायचं असेल तर ८ बिट, खेळायचं असेल तर एचडीआर. अंगावर धावून येणाऱ्या राक्षसाचं शुद्धलेखन कोण तपासतो?